व्हायोलिन ऑडिशनचं रेकॉर्डिंग: सिबेलियस की मेंडेल्सोन? आणि स्कॉलरशिपचा फॉर्म असतो कुठे?

पर्णकुटी | २ ऑगस्ट, रात्री ११:२०

नमस्कार मंडळी. लेक बारावीला आहे, सहाव्या वर्षापासून व्हायोलिन शिकते. व्हायोलिनच्या परीक्षेची आठवी ग्रेड दोन वर्षांपूर्वी झाली. इंग्लंडमधल्या चार आणि अमेरिकेतल्या दोन कॉन्झर्व्हेटरींना, म्हणजे संगीत महाविद्यालयांना, पदवीसाठी अर्ज करायचं ठरलंय. पुण्यात बसून सगळं रेकॉर्डिंगवरच अवलंबून आहे, म्हणून इथे विचारते.

घरात सध्या एकच वाद चालू आहे. तिला सिबेलियसच्या कॉन्चेर्टोची, म्हणजे व्हायोलिन आणि ऑर्केस्ट्राच्या रचनेची, पहिली मूव्हमेंट वाजवायची आहे. सर म्हणतात मेंडेल्सोन वाजव. ती म्हणते, "मेंडेल्सोन तर सगळेच वाजवतात, माझं कोण ऐकणार?" मी आणि तिचे बाबा या बाबतीत ढ. आम्हाला दोन्ही छानच वाटतात.

दुसरं म्हणजे एका स्टुडिओवाल्याने व्हिडिओसकट ३५ हजार सांगितलेत. "थोडा रिव्हर्ब टाकू, एखादा सूर इकडेतिकडे झाला तर नीट करून देऊ" असंही म्हणाला. द्यावेत का?

आणि तिसरं, स्कॉलरशिपचा फॉर्म कुठे मिळतो? चारही संस्थांच्या साइट पालथ्या घातल्या, मला तरी दिसला नाही.

---

कोथरूडचा_काका | ३ ऑगस्ट, सकाळी ७:०५

ताई, सोपं आहे. आठवी ग्रेड डिस्टिंक्शनने असेल तर अर्धं काम झालं, सर्टिफिकेट जोडा. आणि पीस अवघडातला अवघडच घ्यावा. परीक्षेत जास्त मार्कांचा प्रश्न सोडवतो तसंच. माझ्या मेहुण्याच्या मुलीने पियानोसाठी हेच केलं आणि तिला लगेच मिळालं. स्टुडिओचे पैसे द्या, प्रेझेंटेशनला महत्त्व असतं.

---

साथसंगत | ३ ऑगस्ट, दुपारी २:४०

काका, रागावू नका, पण यातलं एक वाक्य सोडून बाकीचं उलटं आहे. ते एक वाक्य म्हणजे सर्टिफिकेट जोडा. जोडावं, त्याने बिघडत काही नाही. पण प्रवेशाच्या खोलीत ग्रेडचं सर्टिफिकेट कुणी उघडून बघत नाही. आठवी ग्रेड म्हणजे दाराशी पोचलात एवढंच. पुढचं सगळं वाजवण्यावर.

मी मूळची नाशिकची. गेली बारा वर्षं इंग्लंडमध्ये पियानोची साथ करते. ऑडिशनच्या दिवसांत एकेका दिवशी पंधरा-वीस मुलांबरोबर बसते. मी परीक्षक नाही, निर्णय माझ्यासमोर होत नाहीत. पण खोलीत काय घडतं ते दिसतं. चांगलं वाजवणाऱ्या मुलाच्या वेळी परीक्षक पहिल्या मिनिटात लिहिणं थांबवून वर बघतात. हे मेंडेल्सोनला होताना पाहिलंय, मोझार्टला तर फारच वेळा. सिबेलियसला क्वचित, कारण सतरा वर्षांच्या मुलांच्या हातात सिबेलियस बहुतेक वेळा "जमतंय का बघू" अशा अवस्थेत असतो.

पर्णकुटीताई, लेकीला एक व्यवहाराची गोष्ट सांगा. सिबेलियसच्या सुरुवातीला ऑर्केस्ट्राच्या तारा अगदी दबक्या आवाजात थरथरत असतात आणि त्यावर व्हायोलिन हळूच येतं. ते धुकं पियानोवर होत नाही. आम्ही दोन्ही हातांनी कितीही थरथर केली तरी खडखडच ऐकू येते. म्हणजे ज्या वातावरणासाठी ती हा पीस निवडते आहे, ते रेकॉर्डिंगमध्ये नसणारच. वर मूव्हमेंट पंधरा-सोळा मिनिटांची, आणि मधला केडेन्झा एकटीने पेलायचा.

मेंडेल्सोनमध्ये दीड मापात व्हायोलिन सुरू होतं. लांबलचक प्रस्तावना नाही, पियानोवाल्याला काटछाट करावी लागत नाही. पण म्हणून तो सोपा नाही. पहिल्याच पानांवर ऑक्टेव्ह, म्हणजे एका सप्तकाच्या अंतरावरचे सूर, येतात आणि तिथे बोटं कणसूर पडली की लपायला जागा नसते. केडेन्झाच्या शेवटी चारही तारांवर गज उडवत न्यायचा असतो, तो बहुतेकांचा तिथे लंगडतो. सगळेच वाजवतात हे खरंय. पण त्यामुळेच ऐकणाऱ्याला तुलना सोपी जाते आणि नीट वाजवणारी पटकन वर येते.

ठरवायचं कसं? तीन वेगवेगळ्या दिवशी, सकाळी उठल्यावर फक्त दहा मिनिटं हात गरम करून, दोन्ही मूव्हमेंट एकदाच फोनवर घ्यायच्या. थांबायचं नाही. आठवड्याने सरांबरोबर ऐकायच्या. तिन्ही दिवशी त्याच त्याच जागी कोसळत असेल तर तो अपघात नव्हे. त्या जागा ऑक्टोबरपर्यंत भरतील का, ते सर सांगतील.

---

पर्णकुटी | ३ ऑगस्ट, रात्री १०:१५

साथसंगतताई, किती समजावून सांगितलंत! हे तिला वाचून दाखवलं. "धुकं पियानोवर होत नाही" यावर गप्प बसली. हे आमच्या घरात क्वचितच घडतं.

बाखच्या एकल व्हायोलिनच्या रचनांमधलं तिने ई मेजर पार्टिटाचं प्रिल्युदिओ निवडलंय. पागानिनीच्या एकल व्हायोलिनच्या कॅप्रिसांपैकी पाचवा की चोविसावा, ते अजून ठरत नाहीये.

---

सा_रे_गप्प | ४ ऑगस्ट, दुपारी १२:३०

इथे माहितगार लोक दिसतात म्हणून विचारतो. माझा मुलगा बासरी वाजवतो, अलंकारची परीक्षा झाली आहे. परदेशातल्या कॉन्झर्व्हेटरीत त्याला यमन आणि भूप वाजवून प्रवेश मिळेल का? की मेंडेल्सोन बासरीवर बसवावा लागेल?

---

साथसंगत | ४ ऑगस्ट, संध्याकाळी ६:००

सा_रे_गप्प, मेंडेल्सोन बसवू नका हो! नेदरलँड्समध्ये रॉटरडॅमच्या कोडार्ट्समध्ये भारतीय संगीत शिकवलं गेलं आहे, पंडित हरिप्रसाद चौरसिया तिथे विभागाचे प्रमुख होते. सध्या नेमका कोणता अभ्यासक्रम चालू आहे ते त्यांनाच मेल करून विचारा. पण बाकीच्या बहुतेक कॉन्झर्व्हेटरींचा बासरी विभाग म्हणजे पाश्चात्त्य फ्लूट, तिथे बांसुरी घेऊन जाता येत नाही. वेगळा धागा काढलात तर बरं, इथे दोन्हींची खिचडी होईल.

पर्णकुटीताई, आता बाख आणि कॅप्रिस. ई मेजर प्रिल्युदिओ ऐकायला चमकदार आहे म्हणून मुलं घेतात. त्यात मोकळी ई तार सतत वाजत राहते आणि शेजारच्या तारेवर बोटाने धरलेले सूर तिच्याशी भिडतात. मोकळी तार तंबोऱ्यासारखी आहे, ती हलत नाही. तुमचा सूर केसभर खाली असला तरी ती तो उघडा पाडते. सूर पक्के असतील तर हाच पीस तिला वर नेईल. नसतील तर डी मायनर पार्टिटाची आलमांद आणि जीग बघा. एक संथ, एक चपळ. बऱ्याच ठिकाणी "दोन विरोधी स्वभावाच्या मूव्हमेंट" असं लिहिलेलं असतं, तेही त्यात बसतं. नुसतं प्रिल्युदिओ दिलं तर दुसरी संथ मूव्हमेंट लागेलच, हे विसरू नका.

चोविसावा कॅप्रिस नको. त्यात एका धूनवर बरेच वेगवेगळे प्रकार आहेत, अकरा चांगले वाजले आणि एक फसला की तो एकच लक्षात राहतो. सोळावा बघा. जी मायनर, जलद, सलग एकेरी सूर, दोन मिनिटांच्या आत संपतो. गज आणि डावा हात किती जुळलेत ते सरळ दिसतं.

आणि ब्रुखच्या कॉन्चेर्टोचा विषय निघालाच तर: त्याची पहिली मूव्हमेंट न थांबता दुसरीत शिरते, म्हणून काही ठिकाणी ती एकटी चालत नाही. प्रत्येक संस्थेची यादी वेगळी असते. सहाही संस्थांच्या अटी एका कागदावर उभ्या-आडव्या मांडा आणि सगळीकडे चालेल असा एकच संच काढा. सहा ठिकाणी सहा प्रोग्रॅम वाजवायला निघालेली मुलं मी पाहिली आहेत. त्यांचं काहीच पिकलेलं नसतं.

---

डबलस्टॉप | ४ ऑगस्ट, रात्री ९:४५

साथसंगतताईंशी ९० टक्के सहमत, सिबेलियसबद्दल नाही. मी मुंबईत शिकवतो. माझ्या एका विद्यार्थ्याने सिबेलियसच पाठवला होता आणि त्याला त्यावरच बोलावणं आलं. मुलाच्या स्वभावाला पीस शोभला पाहिजे. मेंडेल्सोन नाराजीने वाजवणारी मुलगी रेकॉर्डिंगमध्ये नाराजच दिसते. कॅमेरा ते पकडतो.

---

साथसंगत | ४ ऑगस्ट, रात्री १०:१०

हे मान्य. पण तो विद्यार्थी पीस किती दिवस वाजवत होता?

---

डबलस्टॉप | ४ ऑगस्ट, रात्री १०:१३

दोन वर्षं. :)

---

मांडवीतीर | ५ ऑगस्ट, सकाळी ११:००

स्टुडिओच्या प्रश्नाकडे कुणी वळलंच नाही. मी पणजीत ध्वनिमुद्रण करतो, चर्चमधले क्वायर, कॉन्सर्ट वगैरे. असे ऑडिशनचे व्हिडिओ आजवर तीस-चाळीस तरी केले असतील.

ताई, "सूर नीट करून देऊ" म्हणणाऱ्याकडे पाऊलही टाकू नका. ऑडिशनचा व्हिडिओ एका पीसला सलग एक टेक, बिनाकाटछाटीचा, असाच मागतात. दोन पीस वेगवेगळ्या दिवशी घेतले तर चालतं, पण एका मूव्हमेंटच्या आत जोड चालत नाही. दुरुस्ती केलेला सूर जाणकार कानाला कळतो आणि मग मुलगी खोटी ठरते. ३५ हजार देऊन एवढं कशाला करायचं?

खोली निवडा, बाकी नंतर. फ्लॅटच्या हॉलमध्ये गुळगुळीत टाइल, काच आणि मोकळी भिंत असते. तिथे टाळी वाजवून बघा. टाळीमागे पटकन "टर्रर्र" असा आवाज आला तर व्हायोलिन तिथे खरखरीत लागणार. गाद्या-गोधड्या लावून सुधारतं, पण मग सगळंच कोरडं होतं आणि गजाचा प्रत्येक ओरखडा ऐकू येतो. शाळेचा लाकडी मंच असलेला मध्यम हॉल सर्वांत बरा. मोठ्या चर्चमध्ये गुंज इतकी येते की बाखचे जलद सूर एकमेकांत मिसळतात. गोव्यातल्या मुलांना चर्चचा मोह होतो आणि नेमकं तिथेच फसतं.

फोनवर रेकॉर्ड करायला हरकत नाही, पण फोनचा माइक आवाज आपोआप खालीवर करतो. मोठं वाजवलं की दाबतो, हळू वाजवलं की वर ओढतो. तुमची लेक केडेन्झात जीव ओतेल आणि फोन ते सगळं एकाच उंचीवर आणून ठेवेल. म्हणून आवाजासाठी वेगळा साधा रेकॉर्डर घ्या, भाड्यानेही मिळतो, आणि लेव्हल हाताने लावा. सर्वांत मोठ्या जागी काटा लाल रेषेच्या बराच खाली राहील इतकी. माइक व्हायोलिनपासून दोन-अडीच मीटरवर, वाजवणारीच्या डोक्यापेक्षा थोडा उंच. सुरुवातीला एक टाळी वाजवून घ्या, मग चित्र आणि आवाज जुळवणं सोपं जातं. आवाज आणि चित्र असं जुळवलं की ते काटछाटीत धरतात का, हे मात्र संस्थेच्या सूचनेत बघा. एका ठिकाणी कॅमेऱ्याचाच आवाज हवा होता, तेव्हा आम्ही माइक सरळ कॅमेऱ्याला जोडला.

चित्रात गजाचं टोक, दोन्ही हात आणि चेहरा सतत दिसले पाहिजेत. कॅमेरा तिच्या उजव्या बाजूने थोडा तिरका ठेवला की गज सरळ चालतो की नाही हे ऐकणाऱ्याला कळतं, आणि त्यांना नेमकं तेच बघायचं असतं. पंखा बंद. पंख्याखाली वाजवलं की आवाजात हलकी लाट येते, ती नंतर निघत नाही.

आणि पावसाळ्यात रेकॉर्ड करू नका. खुंट्या फुगतात, गजाचे केस सैल पडतात, पियानोचा सूर दर दोन दिवसांनी हलतो. पुण्यात तर याच वेळेला नदीकाठी ढोल-ताशांचा सराव असतो. मला एका पुणेकर पालकाने पाठवलेल्या व्हिडिओत बाखच्या साराबांदच्या मागे ताशा स्पष्ट होता. ताल मात्र अचूक होता.

---

पर्णकुटी | ५ ऑगस्ट, दुपारी १:२०

ताशा वाचून हसून हसून पोट दुखलं, आमच्या खिडकीतून तोच ऐकू येतोय! पण दादा, अर्जाची तारीख ऑक्टोबरच्या सुरुवातीला आहे. पावसाळा टाळायचा कसा?

---

साथसंगत | ५ ऑगस्ट, दुपारी ३:३०

अर्जाची आणि रेकॉर्डिंगची तारीख एकच धरू नका. इंग्लंडमध्ये बहुतेक कॉन्झर्व्हेटरींचा अर्ज यूकॅस या तिथल्या सामायिक अर्जव्यवस्थेच्या कॉन्झर्व्हेटॉयर विभागातून जातो, सहापर्यंत नावं टाकता येतात आणि संगीतासाठी मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात संपते. लंडनची गिल्डहॉल मात्र यात नाही, तिचा अर्ज थेट. अर्ज गेल्यावर ऑडिशन किंवा रेकॉर्डिंगचं वेळापत्रक प्रत्येक संस्था वेगळं कळवते. म्हणजे फॉर्म ऑक्टोबरात, पण रेकॉर्डिंगसाठी अनेकदा पुढचे काही आठवडे मिळतात.

अमेरिकेत मात्र दोन टप्पे. आधी छोटं रेकॉर्डिंग पाठवायचं, ज्याला तिथे प्रीस्क्रीन म्हणतात, त्याची मुदत बऱ्याच ठिकाणी १ डिसेंबरच्या आसपास. ते पास झालं तर जानेवारी ते मार्च प्रत्यक्ष ऑडिशन. तिथे जायचं तर व्हिसा लागतो आणि मुंबईत अपॉइंटमेंटची वाट बघावी लागते. प्रीस्क्रीनचा निकाल लागल्यावर व्हिसाला धावू नका, आधीच बघून ठेवा. परदेशी मुलांना शेवटची फेरीही रेकॉर्डिंगवर देऊ देतात का, हे दोन्ही ठिकाणी आत्ताच मेल करून विचारा.

मी असते तर गणपती झाल्यावर, दसरा ते दिवाळी या दिवसांत सगळं रेकॉर्डिंग उरकलं असतं. दिवाळीत फटाके.

---

राईनकाठी | ६ ऑगस्ट, रात्री १२:४५

सगळे इंग्लंड-अमेरिका करताय. जर्मनीला का नाही? फी शून्य. माझ्या ओळखीत दोघं गेले.

---

डबलस्टॉप | ६ ऑगस्ट, सकाळी ८:१०

फी शून्य अर्धं खरं. बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्यात, म्हणजे श्टुटगार्ट, मानहाइम, कार्ल्सरूह, फ्रायबुर्ग, ट्रोसिंगेन, युरोपाबाहेरच्या मुलांना सत्राला १५०० युरो द्यावे लागतात. इतर बऱ्याच राज्यांत शिकवणी फुकट आहे, पण व्हिसासाठी वर्षाचे सुमारे ११,९०० युरो आधी गोठवलेल्या खात्यात दाखवावे लागतात. प्रवेशपरीक्षा बहुतेक तिथे जाऊनच, त्यात स्वरज्ञान आणि थिअरीचा पेपर, शिवाय जर्मन भाषा.

तरी मला हा मार्ग आवडतो. तिथे आधी एका शिक्षकाकडे चाचणीचा तास घ्यायची पद्धत आहे. "माझ्या वर्गात जागा आहे, ये" असं तो म्हणाला तर रस्ता सोपा होतो. जागा नसेल तर कितीही छान वाजवा, उपयोग नाही. इंग्लंडमध्येही हे थोडं लागू आहे, फक्त कुणी उघड बोलत नाही.

---

कोथरूडचा_काका | ६ ऑगस्ट, सकाळी ९:००

स्कॉलरशिपचं राहिलंच. ज्युलियार्डला घाला, तिथे सगळ्यांना फुकट असतं.

---

नागपूरची_मावशी | ६ ऑगस्ट, सकाळी ११:४०

काका, तुम्ही कर्टिसबद्दल बोलताय बहुतेक. फिलाडेल्फियाच्या कर्टिसमध्ये १९२८ पासून कुणालाच शिकवणी फी नाही, पण राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. लॉस एंजेलिसच्या कोलबर्नमध्ये राहणं-जेवणंही धरलेलं असतं. या दोन्ही संस्था ऑर्केस्ट्रा उभा राहील एवढीच मुलं घेतात. म्हणजे एखाद्या वर्षी व्हायोलिनच्या दोन-तीनच जागा मोकळ्या असू शकतात. व्हायोलिनवाल्यांना फार गर्दी असते हो, बासूनवाले त्या मानाने सुखी.

पर्णकुटीताई, फॉर्म तुम्हाला सापडला नाही कारण बऱ्याच ठिकाणी तो नसतोच. इंग्लंडमध्ये साधारणपणे ऑडिशनचेच गुण स्कॉलरशिपला धरतात. काही ठिकाणी आर्थिक परिस्थितीचा कागद वेगळा मागतात, तो पाठवायला विसरू नका. म्हणजे रेकॉर्डिंग दोनदा कामाला येतं: आत घ्यायचं की नाही, आणि किती पैसे द्यायचे.

माझ्या भाचीचे आकडे सांगते, चेलो वाजवते. लंडनच्या एका संस्थेची फी २९ हजार पौंड, स्कॉलरशिप वर्षाला १० हजार. राहण्या-खाण्याचे आम्ही महिना १४०० धरले, म्हणजे वर्षाचे १६,८००. वरचा भार ३५,८०० पौंड. तेव्हा पौंड ११५ रुपये होता, म्हणजे ४१ लाखांच्या वर. अमेरिकेतून दुसरं पत्र आलं, स्कॉलरशिप ३० हजार डॉलर! घरात पेढे वाटले. मग नवऱ्याने वही काढली. फी ५५ हजार, उरली २५, राहणं २२. एकूण ४७ हजार डॉलर, ८८ च्या दराने तेवढेच ४१ लाख. पेढे वाया गेले नाहीत, पण उत्साह थोडा उतरला.

अजून एक गोष्ट आम्ही आधी वाचली नव्हती. लंडनची स्कॉलरशिप दरवर्षी तेवढीच राहणार होती आणि फी मात्र दरवर्षी वाढणार होती. चार टक्के धरली तर दुसऱ्याच वर्षी आपल्या खिशातून हजारभर पौंड जास्त. इंग्लंडची पदवी चार वर्षांची आहे, तेव्हा हा हिशोब चौथ्या वर्षापर्यंत मांडा.

मग आम्ही लंडनला पत्र लिहिलं. गयावया न करता, दुसऱ्या संस्थेचं पत्र जोडून सरळ विचारलं की रक्कम वाढण्याची शक्यता आहे का. तीन आठवड्यांनी तीन हजार पौंड वाढवून आले. नेहमी असं होईलच असं नाही. आणि घाई करायला लावणाऱ्यांना घाबरू नका. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी उत्तर द्यायला १ मेपर्यंत वेळ असतो.

---

पर्णकुटी | ६ ऑगस्ट, दुपारी २:००

४१ लाख वाचून नवरा बाल्कनीत जाऊन उभा राहिलाय. भारतातल्या ट्रस्टकडून काही मिळतं का? टाटा, इनलॅक्स वगैरे?

---

नागपूरची_मावशी | ६ ऑगस्ट, दुपारी ४:२५

पदवीसाठी फार कमी. जे. एन. टाटा एन्डोमेंट ही कर्जाऊ स्कॉलरशिप आहे, परत करायची, आणि पदवीधरांसाठी. इनलॅक्सही भारतातली पदवी झालेल्यांना देतात, संगीतकारही अर्ज करतात. आपल्या राज्य सरकारची अनुसूचित जातींच्या मुलांसाठी परदेशी शिक्षणाची योजना आहे, पण तीही पदव्युत्तर आणि पीएचडीला, आणि जागतिक क्रमवारीतल्या वरच्या विद्यापीठांपुरती. निव्वळ संगीताच्या संस्था त्या एकूण यादीत नसतातच, विषयवार यादीत असतात. ज्यांना लागू होते त्यांनी अर्जाआधी हे नीट बघावं.

म्हणून एक मत देते. बारावीनंतर चार वर्षांचे दीड कोट घालण्यापेक्षा इथे पदवी करावी, वाजवणं वाढवावं आणि मास्टर्सला जावं. येल स्कूल ऑफ म्युझिकमध्ये शिकवणी फी नाही, पण तिथे मुख्यतः पदव्युत्तरच आहे.

---

डबलस्टॉप | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:३०

मावशी, पैशाच्या बाजूने बरोबर. पण व्हायोलिनमध्ये १८ ते २२ ही वर्षं हात घडण्याची. ती इथे गेली आणि रोजचा ऑर्केस्ट्रा, रोजचं चेंबर म्युझिक मिळालं नाही, तर येलच्या ऑडिशनला समोर कोण असतील? ज्यांनी ती वर्षं तिकडे घालवली ते.

---

नागपूरची_मावशी | ६ ऑगस्ट, संध्याकाळी ७:५०

मग दीड कोट कोण घालणार ते पण सांगा.

---

डबलस्टॉप | ६ ऑगस्ट, रात्री ८:०५

ते माहीत असतं तर मी मुंबईत भाड्याच्या खोलीत शिकवत बसलो असतो का?

---

पर्णकुटी | २९ ऑक्टोबर, रात्री ९:३०

मंडळी, धागा वर आणते. काल रेकॉर्डिंग झालं.

सांगितल्याप्रमाणे तीन सकाळी दोन्ही मूव्हमेंट फोनवर घेतल्या होत्या. सिबेलियस तिन्ही दिवशी केडेन्झामध्ये एकाच जागी अडखळला. तिने स्वतःच ऐकून सांगितलं, "मेंडेल्सोन. पण सिबेलियस मी सोडलेला नाही." सहा संस्थांचा तक्ता बाबांनी एक्सेलमध्ये केला. त्यातून निघालं मेंडेल्सोनची पहिली, डी मायनरची आलमांद आणि जीग, सोळावा कॅप्रिस. एका ठिकाणी मात्र विसाव्या शतकातला पीस जास्तीचा मागितलाय, तो अजून बाकी आहे.

तिच्या जुन्या शाळेचा हॉल मिळाला, रविवारी, फुकट. पियानो आदल्या दिवशी लावून घेतला, त्याचे अडीच हजार. साथीला बाईंना दोन तासांचे चार हजार. रेकॉर्डर मित्राचा. पहिल्या दोन टेकमध्ये ऑक्टेव्ह सुटले. तिसरा चांगला होता आणि अकराव्या मिनिटाला बाहेर भंगारवाला ओरडत गेला. चौथ्यात हात थकलेला कळत होता. बाईंनी सांगितलं, आता कॅप्रिस आणि बाख घेऊ, मेंडेल्सोनला बुधवारी परत येऊ. बाख पहिल्याच टेकमध्ये झालं.

बुधवारी पाचवा टेक घेतला, तो पाठवतोय. शेवटच्या पानावर एक सूर थोडा वर आहे, मला कळला नाही, तिला कळतो. तिचं म्हणणं, भंगारवाल्याचा टेक जास्त चांगला होता. साथसंगतताई, मांडवीतीरदादा, दोन्ही लिंक निरोपात पाठवल्या आहेत. तुम्ही कोणता पाठवला असता?

---

मांडवीतीर | ३० ऑक्टोबर, सकाळी ७:४०

ऐकले. भंगारवाल्याचा. तो आरोळी देतो त्या वेळी पियानो मोठा आहे, तिचा सूर त्याच्याखाली बुडत नाही.

---

साथसंगत | ३० ऑक्टोबर, दुपारी १:१५

मी पाचवा. त्यातली पहिली तीन मिनिटं जास्त मोकळी आहेत आणि लोक तिथेच ठरवतात. पण तिलाच ठरवू द्या. आणि तो विसाव्या शतकातला पीस सरांकडून आजच ठरवून घ्या, १ डिसेंबर लांब नाही.